पावणेनऊ महिन्यांनी उत्तर द्यायचं आहे. माफी किती मागू?

हळदीचं_पान (समुद्रपूर तालुका, वर्धा) – 19 जानेवारी, रात्री 9:40

मंडळी, एका मेलला उत्तर द्यायचं राहिलं आहे. आमच्याकडे वायगाव हळद आहे, पाऊण एकर. नाशिककडच्या एका शेतकऱ्यानं 28 एप्रिलला तीन गोष्टी विचारल्या होत्या. दीड गुंठ्यापुरतं 40 किलो बेणं मिळेल का, पाठवणार कसं, आणि त्यांच्या शेतात पिकलेल्या हळदीला वायगाव हळद म्हणता येईल का. मेल साधा, सभ्य, चार ओळींचा. मी वाचला, उद्या लिहू म्हटलं आणि तो उद्या काही उगवला नाही.

आता काढणी तोंडावर आली. यंदा बेणं निघेल, म्हणजे आता तरी उत्तर दिलंच पाहिजे. चार दिवस बसून हे लिहिलं. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, "हे उत्तर आहे का फिर्याद?" म्हणून इथं टाकते. कुठं कापू सांगा.

> आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम तुमची अगदी हात जोडून, मनापासून माफी मागते. तुमचा मेल आला तेव्हा लगेच लिहिणारच होते, पण त्याच आठवड्यात सासरे अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, वर्ध्याला न्यावं लागलं, अठरा दिवस तिथंच होतो. मग मिरगाच्या पेरण्या आल्या. त्यात माझा मोबाईल विहिरीवर पाण्यात पडला. मग पोळा, महालक्ष्म्या, मग कापूस फुटला आणि वेचायला बाया मिळेनात. नंतर नंतर तर इतका उशीर झाला की उत्तर द्यायची लाजच वाटू लागली. तुम्ही माझ्याबद्दल काय विचार करत असाल या विचारानं झोप लागत नाही. खरंच मी अशी नाही. कृपया राग मानू नका. पुन्हा एकदा क्षमस्व आहे. बाकी बेण्याचं म्हणाल तर यंदा मिळेल. कळावे.

---

पांदणरस्ता – 19 जानेवारी, रात्री 10:05

ताई, मले तर यात काही वावगं दिसत नाही. माणूस खोटं थोडीच बोलून राहिला. खुबा मोडला हे कारण लहान आहे का? कारण सांगतलं नाही तर समोरचा म्हणते, पाहा, केवढी मिजास. फक्त मोबाईल पाण्यात पडल्याचं काढून टाका. ते सगळेच सांगतात, खरं असलं तरी खोटं वाटते.

---

माहितीचा_अर्ज – 19 जानेवारी, रात्री 10:31

पावणेनऊ महिने म्हणजे कमालच झाली. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील टाका. सोडू नका त्यांना. कार्यालय कोणतं?

---

हळदीचं_पान – 19 जानेवारी, रात्री 10:38

दादा, उशीर कार्यालयानं नाही, मी केला आहे. अपील माझ्यावरच टाकावं लागेल.

---

टपालमामा (हिंगणघाट) – 20 जानेवारी, सकाळी 6:50

मी 34 वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीच शाखा डाकघरात. तेव्हा पत्र लिहून दे म्हणून लोक यायचे, त्यात उशिराची पत्रं भरपूर. त्यातलं थोडं सांगतो.

टपालकार्ड 14 सेंटिमीटर लांब, 9 सेंटिमीटर रुंद. पत्त्याच्या बाजूला अर्धी जागा पत्त्यात गेली. उरलेल्यात म्हातारीला पोराची खुशाली, नातीचं लग्न, म्हैस व्यायली ते, सगळं बसवायचं असायचं. मग उशिराला किती जागा मिळणार? एक ओळ. "पत्रास उशीर झाला, राग नसावा." की लगेच मजकूर सुरू. कारण विचारलं तर म्हातारी म्हणायची, "ते भेटीत सांगीन, तू पुढचं लिही." आणि वाचणाऱ्याला त्या ओळीत काही कमी वाटायचं नाही, कारण खालचं सगळं कार्ड त्याच्यासाठीच लिहिलेलं असायचं.

आता तुमचा मसुदा बघा. त्या माणसानं विचारलं तीन गोष्टींबद्दल. तुम्ही उत्तर दिलं एकीचं, तेही शेवटून दुसऱ्या वाक्यात, "बाकी बेण्याचं म्हणाल तर" म्हणून. पाठवणार कसं, नाही. नाव लावता येईल का, नाही. पावणेनऊ महिने थांबलेल्या माणसाला अजून एक मेल करून विचारावं लागणार. उशीर राहिला बाजूला, मला हे जास्त खटकलं.

आणि एक विचारतो. मधल्या काळात त्यांनी पुन्हा काही लिहिलं होतं का?

---

हळदीचं_पान – 20 जानेवारी, सकाळी 7:15

हो मामाजी. 9 जूनला. "काही कळलं नाही, पाऊस जवळ आला, तूर्त इथलंच बेणं लावून घेतो. पुढं कधी जमलं तर सांगा." त्याचं तर मी लिहिलंच नाही. ते लिहायला घेतलं की हातच चालत नव्हता.

---

टपालमामा – 20 जानेवारी, सकाळी 7:32

मला तेच वाटलं होतं. माफी तिथंच मागायची आहे, पोरी. एप्रिलच्या मेलला उशीर झाला ही हयगय झाली. पण जूनमध्ये तो माणूस वाफे तयार करून दारात उभा होता, तेव्हाही तू गप्प राहिलीस, आणि त्याची तुझ्या बेण्याची एक लागवड गेली. हळद वर्षातून एकदाच लागते. मसुद्यात तुझ्या घरचं सगळं आहे, त्याचं काय गेलं ते नाही. ते एका वाक्यात लिही. मग कारणांची गरज किती उरते ते तूच बघ.

---

शब्दाला_शब्द (नागपूर) – 20 जानेवारी, सकाळी 11:20

मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे आधी शब्दांचं. "क्षमस्व आहे" नको. क्षमस्व म्हणजेच "क्षमा कर", ते संस्कृतातलं आज्ञार्थी रूप आहे. त्याला "आहे", "आहोत" जोडलं की "मी क्षमा कर आहे" असं काहीतरी होतं. नुसतं "क्षमस्व" चालतं. पण या मेलमध्ये तेही थोडं फलकावरच्या सूचनेसारखं वाटेल, "रस्ता बंद, क्षमस्व" तसं. "दिलगीर आहे" हे कचेरीतलं. तुम्ही बोलताना "माफ करा" म्हणता ना? मग तेच लिहा.

आता मसुदा. चार जागा अशा आहेत ज्या वाचून त्या गृहस्थांना काहीतरी करावं लागेल. "झोप लागत नाही" वाचून त्यांना म्हणावं लागेल, अहो झोपा. "मी अशी नाही" याला म्हणावं लागेल, छे छे, मी असं कुठं म्हटलं. "काय विचार करत असाल" याला म्हणावं लागेल, काहीच नाही. आणि "राग मानू नका" म्हटल्यावर राग आलाच असेल तर तो गिळावा लागेल. म्हणजे बेणं मिळालं नाही ते नाहीच, वर समजूतही त्यांनीच काढायची.

माफीही तीनदा आली आहे. पहिल्यांदा वाचताना ती खरी वाटते, तिसऱ्यांदा वाचताना लिहिणाऱ्यालाच ती पुरेशी वाटत नाहीये असं दिसतं. सुरुवातीला एकदा मागा आणि शेवटी पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

---

कडुनिंब – 20 जानेवारी, दुपारी 1:10

वरचं वाचून माझंच आठवलं. कॉलेजातल्या मित्राला मी वडिलांच्या जुन्या फोटोची प्रत मागितली होती. दीड वर्षानं त्याचं पत्र आलं, चार पानांचं. त्याची बदली, बायकोचं दुखणं, स्वतःचा आळशी स्वभाव, लहानपणापासून कसा असाच आहे. वाचून मी इतका हळवा झालो की रात्री दोन तास फोन करून त्यालाच धीर दिला. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "फोटो?" लिफाफ्यात फोटो नव्हता. अजूनही नाही आला.

---

पांदणरस्ता – 20 जानेवारी, दुपारी 1:45

बाप्पा! पण तरी मी म्हणतो, खुबा मोडल्याचं एक वाक्य राहू द्या. समोरचाही शेतकरीच आहे, समजून घेईन.

---

शब्दाला_शब्द – 20 जानेवारी, दुपारी 2:30

पांदणरस्ता, तुमचं अर्धं पटतं. कारण कधीकधी लिहावंच लागतं. समोरच्याला त्या कारणामुळे पुढं काही वेगळं करावं लागणार असेल तेव्हा. समजा त्यांची चौकशी भलत्याच पत्त्यावर गेली असती, तर ते सांगायलाच हवं, नाहीतर ते पुन्हा तिथंच पाठवतील. किंवा बेण्याला कंदकूज लागली म्हणून ताई गप्प होत्या असं असतं, तर ते लपवणं चूकच झालं असतं, कारण मग त्यांनी बेणं घ्यावं का हाच प्रश्न. पण सासऱ्यांच्या खुब्यामुळे नाशिकच्या वाफ्यात काहीच बदलत नाही.

शिवाय तारखा जुळत नाहीत. खुबा मोडला एप्रिल-मेमध्ये. अठरा दिवस दवाखाना धरला तरी 9 जूनला तुम्ही घरी होता. कारण दिलं की वाचणारा हिशेब करतो, आणि उरलेल्या महिन्यांचं कारण शोधू लागतो. म्हणून तर तुमच्या मसुद्यात एकामागून एक कारणं लागत गेली, पोळा, महालक्ष्म्या, कापूस. एक दिलं की पुढचं द्यावंच लागतं.

---

हळदीचं_पान – 20 जानेवारी, सायंकाळी 6:20

हे वाचून थोडं लागलं, पण खरं आहे. जूननंतरचं कारण लाज, दुसरं काही नाही. उशीर जितका वाढला तितकं वाटायचं की आता साधं उत्तर चालणार नाही, चांगलं मोठं लिहावं लागेल, आणि मोठं लिहायला वेळ नाही म्हणून अजून उशीर.

मोबाईल खरंच पाण्यात पडला होता हो पण.

---

सोयाबीनवाला (देवळी) – 20 जानेवारी, रात्री 8:05

येवढं कायले लिहिता? सरळ फोन लावा. दोन मिनिटात काम होते.

---

टपालमामा – 20 जानेवारी, रात्री 8:40

फोन वाईट नाही. पण फोनवर त्यांना तिथल्या तिथं "असू द्या, असू द्या" म्हणावंच लागतं, मनात असो नसो. कागदावर आलं की माणूस आपल्या सवडीनं वाचतो, रागवायचं तर रागवतो, दोन दिवसांनी उत्तर देतो. त्यांनी लिहून विचारलं, आपण लिहून सांगावं. फोन नंबर मात्र खाली द्यावा.

आणि नवीन मेल काढू नका. त्यांच्याच जुन्या मेलखाली लिहा. म्हणजे त्यांनी काय विचारलं होतं ते त्यांना शोधत बसावं लागणार नाही. जुन्या कचेरीच्या पत्रांत वर "संदर्भ: आपले अमुक तारखेचे पत्र" असायचं, ते यासाठीच. तारीख लिहिली की उशीर किती झाला ते आपोआप कबूल होतं, "खूप खूप" म्हणावं लागत नाही.

---

सोयाबीनवाला – 20 जानेवारी, रात्री 8:52

मी तरी फोनच करीन जी. आमच्या इकडं लिहिलेलं कोणी वाचत नाही.

---

हळदीचं_पान – 21 जानेवारी, दुपारी 12:15

आज तुरीच्या गंजीवरून आल्यावर बसले. दुसरा मसुदा:

> नमस्कार.
> तुमच्या 28 एप्रिलच्या मेलला मी आज उत्तर देते आहे. 9 जूनला तुम्ही पुन्हा विचारलं, तेव्हाही मी कळवलं नाही, आणि तुमची त्या हंगामाची इथल्या बेण्याची लागवड हुकली. माफ करा.
>
> यंदा 40 किलो बेणं देता येईल. फेब्रुवारीत काढणी आहे. निवडलेले जेठे गड्डे सावलीत ढीग करून, हळदीच्याच पाल्यानं झाकून ठेवतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गोणपाटाच्या दोन पोत्यांत एस.टी. पार्सलनं पाठवीन. प्लॅस्टिकच्या पोत्यात घाम धरून ते सडतं.
>
> नावाबद्दल: बेणं इथलं असलं तरी तुमच्याकडे पिकलेली हळद वायगाव हळद म्हणून विकता येणार नाही. 2016 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन या भागात पिकलेल्या हळदीलाच आहे. घरी खायला, लावायला काहीच अडचण नाही.
>
> बेणं राखून ठेवायचं का, ते होळीपर्यंत कळवा. माझ्या उशिराची भरपाई म्हणून बेण्याचे पैसे घेणार नाही.

कसं वाटते?

---

शब्दाला_शब्द – 21 जानेवारी, दुपारी 12:50

आता हे उत्तर झालं. पहिल्या परिच्छेदाला हात लावू नका. "हुकली" हा शब्द बरोबर आहे, त्यात रडणं नाही.

नावाबद्दलचं तर मला सगळ्यात आवडलं. ते ऐकायला गोड नाही, आणि उशीर केलेला माणूस बहुतेक वेळा असं कडू गिळून टाकतो, आधीच आपण दोषी म्हणून. तुम्ही ते सांगितलंत. नाहीतर त्यांनी पुढच्या वर्षी पाकिटं छापली असती.

शेवटच्या दोन वाक्यांवर मात्र अडले. स्वतः पावणेनऊ महिने घेऊन दुसऱ्याला होळीची मुदत घालणं जरा टोचेल.

---

टपालमामा – 21 जानेवारी, दुपारी 3:05

मुदत हवीच. नाहीतर बेणं कोणासाठी झाकून ठेवायचं? फक्त ती हुकली तर काय होईल तेही लिहा, म्हणजे त्यांच्यावर ओझं राहणार नाही. "होळीपर्यंत कळलं तर तुमच्यासाठी राखते. नाही कळलं तर इथं दुसऱ्याला देईन, त्यात काही संकोच नको." असं.

पैशाचं वाक्य काढा. फुकट दिलं की त्यांना "नाही" म्हणता येणार नाही. कदाचित त्यांना आता बेणं नकोच असेल, जूनमध्ये लावलेलं त्यांचं चांगलं आलं असेल. भाव लिहा, जो सगळ्यांना तोच.

---

कडुनिंब – 21 जानेवारी, दुपारी 3:40

इथं मामाजींशी माझं जमत नाही. त्यांचं नुकसान झालं आहे. नुसत्या "माफ करा"नं ते भरत नाही. माझ्या मित्रानं पत्राऐवजी फोटो पाठवला असता तर मला एक ओळही नको होती.

---

टपालमामा – 21 जानेवारी, दुपारी 4:10

फोटो तुम्ही मागितला होता. यांनी बेणं विकत मागितलं आहे, फुकट नाही. मागितलेलं द्यावं, न मागितलेलं का लादावं?

---

कडुनिंब – 21 जानेवारी, दुपारी 4:22

पार्सलचं भाडं तरी आपल्याकडे घ्यावं की नाही?

---

पांदणरस्ता – 21 जानेवारी, दुपारी 4:30

भाडं घ्या अंगावर. पार्सलचं भाडं म्हणजे काही लादणं नव्हे.

---

हळदीचं_पान – 21 जानेवारी, रात्री 9:25

पाठवला. त्यांच्याच 9 जूनच्या मेलखाली. पैशाचं वाक्य काढलं, भाव लिहिला. भाड्याचं काहीच लिहिलं नाही. त्यांनी होकार दिला तर पाठवताना भाडं आम्हीच भरू आणि त्यावर बोलणार नाही. मामाजींचं होळीचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. खाली नाव, गाव, फोन नंबर. बोट पाठवण्याच्या बटणावर ठेवून बसले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं चहा उतू चालला." तेव्हा दाबलं.

खुब्याचं लिहिलं नाही. सासरे आता काठी घेऊन वाडीपर्यंत जातात, हे तुम्हालाच सांगते.

---

माहितीचा_अर्ज – 22 जानेवारी, सकाळी 10:00

त्या दिवशी नीट वाचलं नव्हतं, ताई. माझ्याकडेही एका भाच्याचं पत्र आहे, दोन वर्षं झाली. त्यानं शिफारसपत्र मागितलं होतं आणि ती नोकरी तर केव्हाच भरली. आता उत्तर देऊन उपयोग आहे का?

---

शब्दाला_शब्द – 22 जानेवारी, सकाळी 10:45

शिफारसपत्र आता पाठवू नका, ते त्याच्या काही कामाचं नाही. "तुझं पत्र आलं होतं, मी शिफारस दिली नाही, ती संधी गेली, माफ कर" एवढंच. आणि खाली "पुढं लागली तर माग" तेव्हाच लिहा, जेव्हा खरंच आठ दिवसांत देणार असाल.

---

माहितीचा_अर्ज – 22 जानेवारी, सकाळी 11:02

आठ दिवसांचं सांगता येत नाही. मग ते शेवटचं वाक्य लिहीत नाही.

---

सोयाबीनवाला – 24 जानेवारी, सायंकाळी 7:15

हळदीच्या ताई, नाशिकवाल्याचं उत्तर आलं का? नसन आलं तर त्यातलं 10 किलो मले द्या. देवळीवरून गाडी घेऊन येतो.

---

हळदीचं_पान – 24 जानेवारी, सायंकाळी 7:21

अजून नाही आलं. त्यांचे 40 किलो होळीपर्यंत त्यांचेच. तुमचे 10 वेगळ्या ढिगातून देते, काढणी झाली की फोन करा.